पावसाळ्यात थांबलेली जाहिरात

जूनच्या सुरुवातीला हापूस संपतो आणि थेट ग्राहकाला पेटी पाठवणारा बागायतदार गूगलवरचं कॅम्पेन थांबवतो. फेब्रुवारीअखेर पहिला माल दिसू लागला की तेच कॅम्पेन पुन्हा चालू करायचं असतं. देवगडच्या अशाच एका बागेच्या जाहिरातीकडे २०२३ ते २०२५च्या तीन फेरसुरुवातींच्या निमित्ताने पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. थांबवल्यामुळे कॅम्पेनमधलं फारसं काही पुसलं जात नाही. नऊ महिन्यांत बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं.

आधी टिकतं काय ते पाहू. शोधशब्द, जुने आकडे, बजेट, ठिकाणांची निवड हे सगळं जागेवर राहतं. थांबवल्यामुळे क्वालिटी स्कोअर घसरत नाही. अलीकडे पुरेसं दर्शन नसेल तर आकड्याऐवजी फक्त रेघ दिसते. ती पाहून नवं कॅम्पेन उघडणारे बरेच असतात, पण त्यात हातातला इतिहास विनाकारण मागे सोडला जातो.

पहिली फेरसुरुवात २०२३ची. ३० जून २०२२ नंतर गूगलने जुन्या पद्धतीच्या मजकूर-जाहिराती नव्याने बनवणं आणि त्यात बदल करणं बंद केलं होतं. जुन्या जाहिराती चालू करता येत होत्या, दुरुस्त करता येत नव्हत्या. म्हणजे मागच्या वर्षीचा डझनाचा भाव लिहिलेली जाहिरात तशीच चालवायची किंवा ती बंद ठेवून नव्या, रिस्पॉन्सिव्ह पद्धतीची लिहायची. नवी लिहिली, तर तिला स्वतःचा इतिहास नसतो आणि तपासणीतूनही जावं लागतं. मंजुरी बहुधा एका कामकाजाच्या दिवसात मिळते, तरी हे काम पेट्या भरायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये.

२०२४ची फेरसुरुवात अधिक अवघड होती. १ जुलै २०२३ला गूगलने जुनं ॲनालिटिक्स थांबवलं आणि त्यातून आयात केलेली कन्व्हर्जन, म्हणजे ऑर्डरची नोंद, आटली. कॅम्पेन बंद असल्याने हे कुठेच जाणवलं नाही. अशा अवस्थेत आपोआप बोली लावणारी पद्धत सुरू केली तर तिला क्लिक दिसतात, ऑर्डर दिसत नाहीत, आणि ती चुकीच्या दिशेने शिकते. पडद्यावरचा इशाराही इथे पुरत नाही. बंद कॅम्पेनमध्ये ‘अलीकडे नोंद नाही’ असं दिसणारच, टॅग तुटला असो वा नसो. म्हणून संकेतस्थळावर स्वतः एक चाचणी-ऑर्डर द्यावी आणि टॅग असिस्टंटमध्ये शेवटच्या ‘धन्यवाद’ पानावर नोंद उमटते का ते पाहावं. मधल्या काळात संकेतस्थळ नव्याने बांधलं असेल तर हे पान हमखास बदललेलं असतं.

नोंद ठीक असली तरी बोलीचा अंदाज शिळा झालेला असतो. मे महिन्यात भाव उतरलेले असतात आणि लोक चटकन घेतात. मार्चमध्ये पेटी महाग असते आणि ग्राहक चौकशी करून निघून जातो. मेअखेरचं प्रति-ऑर्डर लक्ष्य मार्चला लावलं, तर यंत्रणा बोली आखडते आणि जाहिरात दिसेनाशी होते. लक्ष्य ठरवताना मागच्या मार्चचा आकडा घ्यावा. गूगलच्या म्हणण्यानुसार बोली पुन्हा बसायला सुमारे ५० कन्व्हर्जन किंवा तीन कन्व्हर्जन-चक्रं लागू शकतात, तोवर रोज आकडे हलवू नयेत. दिवसाला १,५०० रुपये बजेट असेल तर एखाद्या दिवशी ३,००० रुपयेही जाऊ शकतात. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पटीची, म्हणजे ४५,६०० रुपयांची.

२०२५ला शोधशब्दांची यादी बारकाईने पाहावी लागली. जून २०२४पासून ज्या शब्दाला १३ महिन्यांत एकदाही दर्शन मिळालं नाही, तो गूगल आपोआप थांबवतं. नऊ महिन्यांची विश्रांती या हिशेबात बसते. पण ‘पायरी आंबा’सारखा शब्द मागच्या हंगामातही दिसला नसेल, तर तो मुदत ओलांडतो आणि कॅम्पेन चालू केल्यावरही थांबलेलाच राहतो.

तिन्ही वर्षांत एका बाबतीत मात्र फेब्रुवारीत हातपाय हलवून उपयोग नव्हता. पान पाहून गेलेल्यांची यादी खरोखर रिकामी होते. तिची मुदत बदलली नसेल तर ती ३० दिवसांची असते, म्हणजे जुलैपर्यंत सगळे गळतात. मुदत ५४० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण गळलेले लोक त्याने परत येत नाहीत. त्यामुळे यादीची मुदत वाढवणं आणि मार्चचं लक्ष्य टिपून ठेवणं ही मे महिन्यातली कामं आहेत. फेब्रुवारीसाठी उरतात ती चाचणी-ऑर्डर, भाव, पैसे भरायच्या कार्डाची मुदत आणि संकेतस्थळावरची मागच्या वर्षीची ‘हंगाम संपला’ ही पाटी काढणं. ती पाटी राहिली तरी जाहिरात मंजूर होऊ शकते, आणि पैसे जात राहतात.