बिघडलेला टीव्ही आणि दुकानदाराला लिहावयाचे पत्र

‘एकदा विक्री झाली की दुकानाचा संबंध संपला, आता कंपनीचा मनुष्य येऊन पाहील,’ हे वाक्य लोणारच्या बाजारपेठेत काय किंवा मेहकर-जालन्याच्या मोठ्या दुकानांत काय, इतक्या गांभीर्याने उच्चारले जाते, की ते एखाद्या अधिनियमाचे कलमच असावे असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा, आणि खेदाची गोष्ट अशी, की तो होतोही. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ज्याने पैसे घेतले आणि बिलावर शिक्का उमटवला त्याच्याशीच विक्रीचा करार झालेला असतो. कंपनीची हमी ही त्याखेरीजची जबाबदारी होय; ती विक्रेत्याची जागा घेत नाही.

या गैरसमजाची किंमत दिवसांत मोजावी लागते. समजा, ३ तारखेला टीव्ही घेतला, बिलावर परतीची मुदत दहा दिवसांची छापलेली आहे आणि ७ तारखेला पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ उमटली. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी तंत्रज्ञासाठी १५ तारीख देते, आणि तो येऊन ‘पॅनेल सदोष’ असा शेरा लिहीपर्यंत १३ तारखेची मुदत उलटून गेलेली असते. मग तोच दुकानदार, मुद्रा किंचितही न पालटता, मुदत संपल्याचे सांगतो!

१९३० च्या माल विक्री अधिनियमातील कलम ४२ अन्वये, माल नाकारल्याचे न कळवता खरेदीदाराने तो वाजवी काळापलीकडे जवळ ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. कलम ४३ मात्र असे सांगते, की नाकारण्याचा हक्क असेल आणि वेगळा करार नसेल, तर माल स्वतः परत पोचवण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, नाकारल्याची सूचना विक्रेत्यास देणे पुरेसे आहे. म्हणजे हे पत्र विनंतीचा कागद नसून, माल नाकारण्याची कृतीच आहे, आणि म्हणून ते तंत्रज्ञाची वाट न पाहता ८ तारखेलाच गेले पाहिजे.

पत्र लांबवू नये. मजकूर इतकाच असावा:

‘आपल्या दुकानातून दि. ३ रोजी बिल क्रमांक अमुक अन्वये खरेदी केलेल्या टीव्हीच्या (मॉडेल व अनुक्रमांक अमुक) पडद्यावर दि. ७ रोजी उभी रेघ उमटली असून ती सर्व जोडण्यांवर व टीव्हीच्या स्वतःच्या मेनूवरही दिसते. बिलात नमूद परतीच्या मुदतीत मी हा सदोष माल नाकारीत आहे. त्याच मॉडेलचा निर्दोष नवा टीव्ही सात दिवसांत द्यावा, अन्यथा पूर्ण किंमत परत करावी. सदोष टीव्ही आपण येऊन न्यावा. सोबत बिलाची प्रत व छायाचित्रे.’

मेनूचा उल्लेख हेतुपुरस्सर आहे. रेघ केवळ डिशच्या चित्रात दिसत असेल तर दोष डिशचा किंवा तारेचा असू शकतो. परंतु टीव्ही स्वतः जो मेनू दाखवतो त्यालाही ती छेदत असेल, तर दोष टीव्हीच्या आतलाच. ‘विजेच्या चढउतारामुळे झाले असेल’ हे ठरलेले उत्तरही येथेच बरेचसे लंगडे पडते, कारण जादा दाबाने सामान्यतः वीजपुरवठ्याचा भाग जळून टीव्ही बंद पडतो. एकच उभी रेघ हे बहुधा पॅनेलच्या किंवा त्याच्या जोडणीच्या बिघाडाचे लक्षण असते. मात्र पडद्याला बाहेरून मार लागून तडा गेला असेल, तर या पत्राचा उपयोग नाही, आणि तसे पत्र लिहूही नये.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरील वाक्य सदोष मालाला लागू नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील कलम २(४७) नुसार बिलात मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. केवळ मन पालटले म्हणून माल परत करण्याचा हक्क मात्र या कलमाने मिळत नाही.

तोंडी सांगितल्याने भागते, हाही भ्रम. तारखेचा पुरावा राहत नाही, म्हणून दुसऱ्या प्रतीवर दुकानाची सही, शिक्का व तारीख घ्यावी, आणि दुकानदाराने ती नाकारल्यास पत्र स्पीड पोस्टाने धाडून पावती जपावी. टीव्ही जालन्यात घेतला म्हणून तक्रारही तिकडेच करावी लागते, हेही खोटे. कलम ३४ अन्वये लोणारच्या रहिवाशास बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. तेथे वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात एक पैसाही शुल्क नाही.