विश्लेषण : २६ टक्के हिस्सा, १३ कोटींचा नफा… मग हातात सव्वापाचच कोटी का?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर उभारणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. इतका मोठा, पण निम्म्याहून कमी हिस्सा एखाद्या कंपनीकडे असेल, तर तो हिशेबात कसा दिसतो?

सहयोगी कंपनी म्हणजे काय?

कंपनी कायदा २०१३ नुसार किमान २० टक्के मताधिकार किंवा करारान्वये निर्णयांत सहभाग असेल, तर तो लक्षणीय प्रभाव समजला जातो. नियंत्रण मात्र नसते. अशी कंपनी ‘सहयोगी’ ठरते. नियंत्रण असलेल्या उपकंपनीचे सगळे उत्पन्न आणि कर्ज एकत्रित हिशेबात ओळीओळीने मिळवले जाते. सहयोगी कंपनीचे तसे होत नाही. तिच्यासाठी ‘इंड एएस २८’ मानकातील इक्विटी पद्धत लागते. यात ताळेबंदात गुंतवणुकीची एकच ओळ असते आणि नफा-तोटा पत्रकातही नफ्यातील हिश्शाची एकच ओळ येते.

आकडा कसा बदलतो?

समजा, बोईसरच्या एका काल्पनिक कारखान्याने तारापूर औद्योगिक वसाहतीत नव्या कंपनीच्या १०० कोटींच्या भांडवलापैकी २६ कोटी घातले. पहिल्या वर्षी त्या कंपनीला १० कोटींचा तोटा झाला. त्यातला हिस्सा २.६ कोटींचा, म्हणून गुंतवणूक २३.४ कोटींवर आली. दुसऱ्या वर्षी ५० कोटींचा नफा झाला. हिश्शाचे १३ कोटी मिळवून आकडा ३६.४ कोटी झाला. पुढे कंपनीने २० कोटींचा लाभांश वाटला आणि कारखान्याला ५.२ कोटी मिळाले. हा लाभांश नव्याने नफा धरला जात नाही, कारण तो नफा आधीच मोजलेला असतो. म्हणून तो गुंतवणुकीतून वजा होतो आणि ३१.२ कोटी उरतात.

गुंतवणूकदाराने काय पाहावे?

दुसऱ्या वर्षाच्या एकत्रित नफ्यात १३ कोटी दिसले, प्रत्यक्षात आले ५.२ कोटी. उरलेले ७.८ कोटी सहयोगी कंपनीतच आहेत आणि केवळ २६ टक्क्यांच्या जोरावर ते काढून घेता येत नाहीत. हा फरक रोकड प्रवाह पत्रकात सापडतो. तिथे नफ्यातील हिस्सा वजा होतो आणि मिळालेला लाभांश वेगळा दाखवला जातो. वर्षानुवर्षे हिस्सा फुगतो आहे, पण लाभांश येत नाही, असे दिसले तर नफ्याचा आकडा जपून वाचावा.

तोटा वाढतच गेला तर?

गुंतवणूक शून्यावर आली की पुढचा तोटा नोंदवणे थांबते. मात्र कारखान्याने सहयोगी कंपनीच्या कर्जाला हमी दिली असेल, तर तेवढी देणी दाखवावीच लागतात. नंतर नफा झाला, तरी आधी न नोंदवलेला तोटा भरून निघेपर्यंत तो हिशेबात येत नाही. त्यामुळे शून्य दिसले म्हणजे धोका संपला, असे नव्हे. त्यासाठी टिपणांतील हमीची रक्कम पाहावी लागते.