कमाई दिसते, मग खात्यात का येत नाही?

समजा, कराडजवळच्या खेड्यातल्या एका ताईंचा यूट्यूबवर पाककृतींचा चॅनल आहे. जाहिराती सुरू झाल्या, स्टुडिओत आकडा वाढतोय. बँकेत मात्र छदाम नाही. अशा वेळी दोन गोष्टी तपासायच्या आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. घोळ बहुतेकदा इथेच होतो.

पहिली गोष्ट जोडणीची. `studio.youtube.com` उघडून Earn या विभागात जा. ॲडसेन्स खातं जोडलेलं आहे का, ते तिथे कळतं. आता आपला मेल वापरून `adsense.google.com` उघडा. तिथे यूट्यूबची कमाई दिसलीच नाही, तर खातं दुसऱ्याच मेलवर निघालेलं असू शकतं. व्हिडिओ ताईंचे आणि खातं भाच्याच्या मेलवर, असं घरोघरी असतं. खातं बदलता येतं, पण 32 दिवसांतून एकदाच. म्हणून आधी भाच्याला विचारा, मग बदला.

दुसरी गोष्ट पत्त्याची, आणि गाडी जास्त अडते ती इथेच. कमाई 10 डॉलरवर गेली की गूगल साध्या टपालाने एक पांढरं पाकीटवजा कार्ड पाठवतं. कडा फाडून उघडलं की आत सहा अंकी पिन. तो ॲडसेन्समध्ये Payments, मग Verification check इथे भरायचा. काम अजून बाकी असेल, तर तेही याच पानावर दिसतं.

आपल्याकडे ‘पिन’ म्हटलं की टपालाचा पिनकोडच आठवतो, आणि तोही सहाच अंकी! तो इथे चालत नाही. तीनदा चुकीचा आकडा टाकला, तर जाहिराती थांबतात.

कार्ड यायला तीन-चार आठवडे लागतात. ते रजिस्टर नसतं, त्यामुळे पोस्टमन सही घेत नाही आणि कार्ड कुठे पोचलं याचा मागही लागत नाही. ताईंनी पत्त्यात नुसतं गावाचं नाव टाकलं असेल, तर पोस्टमनने तरी शोधायचं कुठे? घराचं नाव, वाडी, जवळची खूण, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं लिहावं. नवा पिन मागवण्याआधी पत्ता दुरुस्त करा. नाहीतर दुसरं कार्डही पहिल्याच वाटेने जाईल. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही, तरीही जाहिराती बंद होतात. मागवलेले पिन आलेच नाहीत, तर ओळखपत्र देऊन पत्ता पटवायची सोय आहे.

एवढं झालं तरी 100 डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. जमल्यावर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान रक्कम पाठवली जाते. तेव्हा 10 डॉलर ओलांडले, की गावच्या पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा: माझ्या नावाचं एक पांढरं कार्ड येणार आहे, ते माझ्याच हातात द्या.