विश्लेषण : ‘एच. पायलोरी’ चाचणी निगेटिव्ह, तरी जंतू पोटातच? गॅसच्या गोळीमुळे रिपोर्ट कसा चुकतो?

पोटात जळजळ, जेवणानंतर दुखणे किंवा अल्सरचा जुना त्रास असेल तर डॉक्टर ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूची चाचणी करायला सांगतात. हा जंतू अल्सरचे मोठे कारण आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला की रुग्ण निर्धास्त होतो. मात्र चाचणीच्या आधीच्या दिवसांत पॅन्टोप्राझोलची रोजची गोळी सुरू असेल, तर त्या ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘जंतू नाही’ असा होत नाही.

या दोन चाचण्या नेमके काय शोधतात?

श्वासाच्या चाचणीत जंतूचे काम पकडले जाते. एच. पायलोरीकडे युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनियामुळे जंतूच्या भोवतालचे आम्ल मारले जाते आणि तो जठरात तग धरतो. चाचणीत रुग्णाला आधी उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायला सांगतात. मग कार्बन-१३ ने ‘खूण’ केलेला थोडासा युरिया पाण्यातून किंवा आंबट पेयातून देतात आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरी फुंकर घेतात. जंतू असेल तर खुणेचा कार्बन रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून दुसऱ्या पिशवीत येतो. दोन्ही पिशव्यांतील फरक ठरावीक आकड्याच्या वर गेला की चाचणी पॉझिटिव्ह. कार्बन-१३ किरणोत्सारी नसतो. काही ठिकाणी वापरला जाणारा कार्बन-१४ मात्र अत्यल्प किरणोत्सारी असतो, म्हणून तो मुले आणि गर्भवतींसाठी टाळतात.

शौचाच्या चाचणीत जंतूच्या शरीराचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, शोधतात. जठरातून सुटलेले हे तुकडे आतड्यांतून शौचात उतरतात. मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरणारी प्रयोगशाळेतील पद्धत भरवशाची आहे. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या तितक्या अचूक नसतात. नमुना फारच पातळ असेल तर प्रतिजन विरळ होते आणि तेवढ्यानेही निकाल चुकू शकतो.

आम्ल कमी झाल्यावर जंतू गप्प का होतो?

जंतूच्या आवरणात युरिया आत घेणारे एक सूक्ष्म दार असते. बाहेर आम्ल असेल तेव्हा ते उघडते आणि आम्ल कमी झाले की मिटते. आम्लच नाही तर अमोनिया बनवून स्वतःला वाचवण्याची गरजही नाही, असा हा साधा हिशेब आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या जठरातील आम्लाचे पंप बंद करतात. दार मिटते आणि जंतू जिवंत असूनही युरिया फोडत नाही. म्हणजे श्वासाच्या चाचणीला जे काम दिसायला हवे तेच थांबलेले असते. चाचणीचे पेय आंबट असते त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा परिणाम संख्येवर होतो. या गोळ्या जंतूंची वाढ काही प्रमाणात रोखतात आणि उरलेले जंतू जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागाकडे सरकतात. जंतू कमी म्हणजे शौचात उतरणारे प्रतिजनही कमी. म्हणूनच ‘श्वासाची चाचणी चुकते तर शौचाची करू’ हा मार्ग इथे उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतील एका अभ्यासात जंतू असल्याचे आधीच सिद्ध झालेल्या रुग्णांना चार आठवडे लॅन्सोप्राझोल दिले गेले. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी सुरू असताना ३३ टक्के रुग्णांची श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. गोळी थांबवल्यावर तीन दिवसांनी ९१ टक्के, सात दिवसांनी ९७ टक्के आणि चौदा दिवसांनी सगळ्यांची चाचणी पॉझिटिव्ह होती. ‘दोन आठवडे गोळी बंद’ हा नियम यामुळेच आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोळी सुरू असताना चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती खरी मानता येते, शंका फक्त निगेटिव्हवर घ्यायची.

अँटिबायोटिकसाठी चार आठवडे का?

हा जंतू जठराच्या चिकट थरात खोलवर दडतो. एकट्यादुकट्या अँटिबायोटिकने तो सहसा संपत नाही, पण संख्या इतकी घटते की चाचणीच्या नजरेला पडत नाही. ती पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात. बिस्मथचेही तसेच. अडचण अशी की आपण कोणते औषध घेतले हेच अनेकांना ठाऊक नसते. जुलाबासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी हे अँटिबायोटिकच आहे. डोमपेरिडोनसोबत येणाऱ्या ‘गॅसच्या’ कॅप्सूलमध्ये बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोल असते. पाकिटावरचे मूळ नाव वाचल्याशिवाय हे कळत नाही.

दिवस कसे मोजायचे?

समजा, एका रुग्णाचा जंतूविरोधी १४ दिवसांचा कोर्स २८ फेब्रुवारीला संपला आणि त्याने पॅन्टोप्राझोल पुढे चालू ठेवले. जंतू गेला का, हे पाहण्यासाठी अँटिबायोटिकनंतरचे चार आठवडे २८ मार्चला पूर्ण होतात. चाचणी ३० मार्चला ठरली, तर पॅन्टोप्राझोलची शेवटची गोळी १५ मार्चला घ्यायला हवी. आता २० ते २२ मार्च घसा दुखतो म्हणून त्याने अझिथ्रोमायसिन घेतले, तर मोजणी पुन्हा सुरू. २२ मार्चपासून चार आठवडे १९ एप्रिलला होतात, म्हणून चाचणी २० एप्रिलला. मधल्या काळात पॅन्टोप्राझोल पुन्हा सुरू केले असेल, तर ते ५ एप्रिलला थांबवावे लागेल. ३० मार्चची ठरलेली चाचणी तशीच उरकली असती, तर निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवता आला नसता आणि उपचार फसला असूनही तो यशस्वी वाटला असता.

प्रत्यक्षात हे दोन आठवडे काढणेच कठीण जाते. बरेच महिने गोळी घेतलेल्यांमध्ये ती थांबवताच आम्ल उसळून येते आणि जळजळ आधीपेक्षा वाढते. मग आठव्या-नवव्या दिवशी रुग्ण गुपचूप एक गोळी घेतो आणि प्रयोगशाळेत सांगत नाही. त्यापेक्षा या काळात अँटासिडचे पातळ औषध चालते. फॅमोटिडिनचा परिणाम बराच कमी असतो, तेही चाचणीआधी दोन दिवस बंद करावे. व्होनोप्राझान हे नवे औषध मात्र पॅन्टोप्राझोलइतकेच अडथळा आणते, त्यालाही दोन आठवड्यांचा नियम लागू.

गोळी थांबवणे शक्यच नसेल तर?

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा सांधेदुखीची वेदनाशामके घेणाऱ्यांना आणि नुकताच अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांना पॅन्टोप्राझोल संरक्षणासाठी दिलेले असते. त्यांनी ते स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अशा रुग्णांत गोळी सुरू ठेवूनच चाचणी करतात. पॉझिटिव्ह आली तर उपचार सुरू होतो, निगेटिव्ह आली तर प्रश्न खुला ठेवून पुढे सोयीच्या वेळी ती पुन्हा केली जाते. रक्तस्राव सुरू असतानाही या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात.

रक्तातील अँटिबॉडीच्या तपासणीवर गोळ्यांचा परिणाम होत नाही, म्हणून ती कधी कधी सुचवली जाते. पण जंतू गेल्यानंतरही अँटिबॉडी अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यामुळे कोर्सनंतर जंतू गेला की नाही, याचे उत्तर त्या तपासणीतून मिळत नाही.