एबीएसचा पिवळा दिवा एकटाच पेटतो तेव्हा

चावी फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा दोन-चार सेकंद लागतो आणि विझतो. एखाद्या दिवशी तो विझतच नाही. दचकून ब्रेक दाबून पाहिला तर गाडी नेहमीसारखीच थांबते. मग बहुतेक जण दिव्याकडे दुर्लक्ष करतात.

ब्रेक शाबूत असतो, हे खरंच. पेडल, बूस्टर, ब्रेक ऑइल, डिस्क ही साखळी एबीएसवर अवलंबून नाही. बिघाड बहुधा चाकाजवळच्या स्पीड सेन्सरचा असतो: चिखलाने कनेक्टर खराब होतो, वायर घासते किंवा दात्यांच्या कड्यावर गंज चढतो. एका चाकाची खबर चुकीची येऊ लागली की कंट्रोल युनिट एबीएस बंद करतं, कारण चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडणं जास्त धोक्याचं. दिवा लागण्याआधी काही दिवस, गाडी हळू थांबत असताना पेडलखाली विनाकारण थरथर जाणवली असेल, तर संशय याच सेन्सरवर घ्या. मेकॅनिक स्कॅनर लावून कोणतं चाक ते सांगतो.

गमावतं काय? समजा, पावसात आंबा घाट उतरताना वळणापलीकडे टेम्पो आडवा उभा दिसला. एबीएस असता तर पेडल पूर्ण दाबून, तसंच धरून स्टिअरिंग वळवता आलं असतं. आता तसं केलं तर पुढची चाकं जाम होतील, आणि जाम चाक वळवलं तरी गाडी वळत नाही. ती सरळ टेम्पोवर जाते. बऱ्याच गाड्यांत याच बिघाडाने घसरण रोखणारी ईएससी यंत्रणाही बंद पडते.

म्हणून ब्रेक एकदम लाथाडू नका. दाब वाढवत न्या. टायर किंचाळला किंवा स्टिअरिंग वळवूनही गाडी वळेना, तर पाय थोडा ढिला करा, चाक फिरू द्या, पुन्हा दाबा. संकटात हे जमणं कठीणच, म्हणून खरा उपाय आधीचा: वळणात शिरण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा आणि घाटात खालचा गिअर ठेवा. ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांचं अंतर ५० मीटर. कोरड्या रस्त्यावरही ते चार-पाच सेकंदांवर न्या, पावसात आणखी वाढवा.

अशी काळजी घेत गॅरेजपर्यंत गाडी न्यायला हरकत नाही. पण हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा जोडीला लागला, तर ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडी बंद पडलेली असू शकते. तेव्हा गाडी कडेला घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा.