35 मिमीच्या कपावरून बिजागरीची ओळख

पुण्याच्या टिंबर मार्केटातल्या फर्निचर हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक संवाद कानावर पडतोच. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "अगदी अशीच बिजागरी द्या." फोटोत शटर अर्धवट उघडलेलं, आत अंधार, कोपऱ्यात काहीतरी चकाकतंय. दुकानदार फोटो मोठा करून बघतो आणि विचारतो, "ताई, क्रँक कितीचा? शून्य की आठ?" ताईंना ते ठाऊक नसतं, आणि फोटोतही ते दिसत नाही. मग अंदाजानं दोन बिजागऱ्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला परत येतात.

खरं तर नीट काढलेल्या फोटोत बिजागरी ओळखायला लागणारं बहुतेक सगळं सापडतं. फक्त काय बघायचं आणि फोटो कुठून काढायचा, हे माहीत हवं.

मॉड्युलर किचनच्या शटरला बसते ती आतून लागणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी. आपल्याकडे सुतार तिला ऑटो हिंज म्हणतात. तिचे भाग तीन: शटरमध्ये गोल भोक पाडून बसवलेला कप, त्यातून निघणारा हात, आणि कपाटाच्या बाजूच्या फळीवर स्क्रूनं पक्की केलेली प्लेट. हात प्लेटवर सरकवून स्क्रूनं आवळतात किंवा खटकन क्लिपसारखा बसवतात. कंपनी कोणतीही असो, किचनच्या शटरमधल्या कपाचं भोक जवळपास नेहमी 35 मिलिमीटरचं असतं. पातळ किंवा काचेच्या लहान दारांना 26 मिमीचा कप येतो, पण तो वेगळा बघताक्षणी कळतो. हा 35चा आकडा फार उपयोगी आहे, कारण त्यामुळे फोटोतच मोजपट्टी मिळते.

उदाहरणादाखल एक किचन घेऊ. ते कारखान्यात तयार झालेलं नाही, सुतारानं घरीच 18 मिमी प्लायमध्ये केलेलं आहे. ओट्याखाली तीन शटरं शेजारीशेजारी. पहिली दोन सिंकखाली, तिसरं तेलाच्या डब्यांच्या कप्प्याला. दुसरं आणि तिसरं शटर मधल्या एकाच उभ्या फळीवर, तिच्या दोन बाजूंना लागलेलं आहे. दुसऱ्या शटरची खालची बिजागरी गंजून मोडली आहे. सिंकखालच्या ओलीत हे नेहमीचंच, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर आणखी लवकर होतं.

पहिला फोटो मोडलेल्या बिजागरीचा काढायचा नाही. आधी बघायचं ते लाकूड. प्लेटच्या स्क्रूंभोवती प्लाय फुगलाय का, सनमायका उचललाय का, भोकातून भुसा येतोय का? असं असेल तर नवी बिजागरीही महिन्याभरात लोंबकळेल, कारण स्क्रूला धरायला काही उरलेलंच नसतं. अशा भोकात 8 मिमीचा ड्रिल मारून फेविकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकतात, ती वाळल्यावर तिच्यात नवं भोक पाडतात. उलट, बिजागरी धड असून शटर फक्त एका बाजूला झुकलं असेल, तर खरेदीची गरजच नाही. हातावर पुढच्या बाजूला जो स्क्रू असतो तो फिरवला की शटर डावी-उजवीकडे सरकतं. अर्ध्याहून अधिक फिरकी एकदम देऊ नये, थोडं फिरवून शटर मिटून बघावं. आपल्या उदाहरणात मात्र बिजागरीचा हातच मोडलाय, त्यामुळे नवी घ्यावीच लागणार.

आता क्रँक. बिजागरीचा हात किती वाकलेला आहे, यावर शटर फळीची कड किती झाकणार ते ठरतं. हात जवळजवळ सरळ असेल तर शून्य क्रँक, शटर फळीची कड बहुतेक सगळी झाकतं. थोडा वाकलेला असेल तर आठ, कड निम्मी झाकली जाते. ठळक बाक असेल तर सोळा, तिथे शटर चौकटीच्या आत बसतं. काही कंपन्या आठऐवजी नऊ किंवा सोळाऐवजी थोडा वेगळा आकडा लिहितात, पण प्रकार हे तीनच. कारखान्यातून येणाऱ्या किचनमध्ये प्रत्येक कपाटाला स्वतःच्या दोन बाजू असतात, त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी शून्यच असतो. सुतारानं जागेवर केलेल्या किचनमध्ये मधली फळी दोन शटरांत वाटलेली असते. आपल्या तीन शटरांत म्हणूनच दोन प्रकार आहेत: डाव्या टोकाच्या फळीवरच्या पहिल्या शटरला शून्य, आणि मधल्या फळीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्याला आठ. घरातल्या दुसऱ्या कुठल्या शटरची धड बिजागरी काढून नमुना म्हणून दुकानात नेण्याची चूक इथेच होते. शून्याची बिजागरी मधल्या फळीवर लावली, तर दुसरं शटर तिसऱ्यावर जाऊन आपटेल आणि दोन्ही एकदम मिटणार नाहीत.

हे फोटोतून ओळखायचं तर हाताचा फोटो बाजूनं, शटर पूर्ण उघडून काढावा. त्याहून खात्रीचा उपाय पेन्सिलीचा आहे. शेजारचं शटर उघडं ठेवून मोडकं शटर हातानं धरून जागेवर मिटायचं, त्याच्या कडेलगत फळीच्या कडेवर बारीक रेघ ओढायची, मग ते उघडून रेघेचा फोटो काढायचा. 18 मिमीच्या फळीवर रेघेपर्यंत सुमारे 8 मिमी झाकलेलं दिसलं, तर क्रँक आठच.

नवी बिजागरी जुन्याच भोकांत बसणार का, हे ठरतं शटरमधल्या भोकांवर. कपाच्या दोन बाजूंच्या कानांना स्क्रू लागतात. त्या दोन स्क्रूंमधलं अंतर प्रत्येक कंपनीचं आपापलं: ब्लमचं 45 मिमी, हेटिकच्या अनेक बिजागऱ्यांचं 52, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या इतर बऱ्याच मालाचं 48. अंतर जुळलं नाही तर कप भोकात जातो, पण स्क्रू जुन्या भोकाच्या जेमतेम शेजारी येतो आणि दोन भोकं एकमेकांत फुटतात.

म्हणून मोडकी बिजागरी काढून घ्यायची आणि शटरमधल्या मोकळ्या भोकाचा फोटो अगदी समोरून काढायचा. फोन फार जवळ नेऊ नये. जवळून काढलेल्या फोटोत कडा ताणल्या जातात. हातभर मागे सरकून झूम केलं, की आकार खरा दिसतो. मग स्क्रीनवर फोटो मोठा करून साध्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजायचं. आपल्या फोटोत गोल भोकाचा व्यास स्क्रीनवर 28 मिमी भरला आणि दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर साडेअडतीस. खरं भोक 35 मिमीचं, म्हणजे फोटोतलं प्रत्येक माप सव्वापट करायचं. साडेअडतीसची सव्वापट सुमारे 48. ब्लमची बिजागरी असती तर स्क्रीनवर 36 दिसले असते, 52ची असती तर साडेएकेचाळीसच्या वर. फरक डोळ्यांना पुरेसा आहे. मात्र भोक मोजायचं, कपाची वरची पत्र्याची किनार नाही. ती भोकापेक्षा रुंद असते आणि सगळा हिशेब चुकवते.

फळीवरच्या प्लेटची काळजी कमी. तिची दोन भोकं एकावर एक 32 मिमी अंतरावर आणि फळीच्या पुढच्या कडेपासून 37 मिमी आत, ही मापं बहुतेक कंपन्यांनी स्वीकारलेली आहेत. तरी हात एका कंपनीचा आणि प्लेट दुसऱ्या कंपनीची असं जमत नाही, जोड सोबतच घ्यावा. जुन्या प्लेटवर 0 किंवा 3 असा उंचीचा आकडा कोरलेला असेल तर त्याचाही फोटो काढावा, कारण तीन मिलिमीटरची प्लेट घेतली की शटर तितकं कमी झाकतं. आता दुकानात सांगायचं वाक्य तयार झालं: "35चा कप, 48 सेंटर, आठ क्रँक, प्लेट शून्याची, सॉफ्ट क्लोज." सॉफ्ट क्लोज आहे की नाही हे शटर हळू ओढलं गेल्यानं कळतंच, आणि कपात किंवा हातात प्लॅस्टिकचा छोटा डँपर दिसतो. सिंकखाली 304 स्टीलची बिजागरी मागावी, थोडे जास्त पैसे पडतात पण ओलीत टिकते.

ड्रॉवरच्या चॅनेलचं काम त्यामानानं सोपं, पण एक मोठी फसगत तिथेही आहे. ड्रॉवर पूर्ण ओढून फोटो काढावा. बाजूला लोखंडी पट्ट्या एकमेकांतून सरकताना दिसल्या आणि मध्ये बारीक छर्रे दिसले, तर ते टेलिस्कोपिक चॅनेल. त्याची उंची बहुतेक 45 मिमी असते आणि जाडी अर्धा इंच, म्हणून ड्रॉवर कप्प्यापेक्षा दोन्ही बाजू मिळून इंचभर अरुंद केलेला असतो. फोटोत तीन पट्ट्या असतील तर ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो, दोनच असतील तर मागचा भाग आतच राहतो. लांबी नेहमी चॅनेल मिटलेला असताना मोजायची. बाजारात 10, 12, 14, 16, 18, 20 इंच अशा लांब्या सहज मिळतात, आणि 450 मिमीच्या चॅनेललाही दुकानदार 18 इंचीच म्हणतो.

पांढऱ्या किंवा करड्या रंगाचा, पुढे प्लॅस्टिकचं चाक असलेला जुना चॅनेल असेल, तर त्याच्या जागी टेलिस्कोपिक बसवता येतो. दोन्हींची जाडी जवळपास सारखीच. फक्त जुना चॅनेल ड्रॉवरच्या खालच्या कडेला लागलेला असतो आणि नवा बाजूच्या मध्यावर येतो, म्हणून भोकं नव्यानं पाडावी लागतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या खटक्या एकमेकींच्या उलट्या चालतात, एक वर उचलायची आणि दुसरी खाली दाबायची. एवढं माहीत असलं की ड्रॉवर बाहेर काढताना झटापट होत नाही.

फसगत होते ती ड्रॉवर बाहेर ओढूनही बाजूला काहीच दिसत नाही तेव्हा. तिथे चॅनेल तळाखाली दडलेला असतो, आणि फोन खाली धरून वर बघत काढलेल्या फोटोतच तो दिसतो. या प्रकारात ड्रॉवरचं खोकं त्या चॅनेलसाठी मोजून कापलेलं असतं, बाजूचा टेलिस्कोपिक त्याला चालत नाही. ज्या ड्रॉवरच्या बाजूच पोलादी, दुहेरी पत्र्याच्या आहेत, त्यांत तर बाजू आणि चॅनेल एकाच संचाचे असतात. तिथे पत्र्यावरचं कंपनीचं नाव, बाजूची उंची आणि लांबी या तिन्हींचा फोटो दुकानदाराला दाखवावा, आणि तोच संच मिळेना तर त्या ड्रॉवरचा तळ आणि मागची फळी नव्या संचाच्या मापानं पुन्हा कापायला सुतार बोलवावा.