दहा टक्के, पण कशावर?

एप्रिलच्या सुमारास अप्रेझल लेटर हातात पडते आणि त्यात ठळक अक्षरांत दिसते: ‘१० टक्के पगारवाढ’. पुढे बारीक टाइपात लिहिलेले असते की ही वाढ फक्त बेसिकवर लागू आहे. पगाराचे खरे गणित त्या बारीक ओळीत असते.

समजा, पुण्यातल्या एका नोकरदाराचे बेसिक महिना ३०,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता त्याच्या ४० टक्के, म्हणजे १२,००० आणि स्पेशल अलाउन्स १८,०००. हे झाले ६०,०००. याशिवाय कंपनीचा पीएफ ३,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,४४३ आणि व्हेरिएबल पे १०,००० धरून कंपनी त्याचा सीटीसी ७५,०४३ रुपये दाखवते. दहा टक्के म्हटल्यावर त्याच्या मनात साडेसात हजारांचा आकडा येतो.

प्रत्यक्षात बेसिक ३३,००० होते. घरभाडे भत्ता बेसिकशी बांधलेला असल्यामुळे तो १३,२०० होतो. स्पेशल अलाउन्स आणि व्हेरिएबल पे जागचे हलत नाहीत. म्हणजे दरमहा मिळणाऱ्या पगारात वाढ ४,२०० रुपयांची. बेसिक वाढल्याने त्याच्या पगारातून कापला जाणारा पीएफही ३६० रुपयांनी वाढतो आणि हातात जास्तीचे ३,८४० येतात. आधी व्यवसाय कर वजा जाता ५६,२०० मिळत होते, आता ६०,०४० मिळतील. ही वाढ सुमारे ६.८ टक्के झाली. सीटीसी तर जेमतेम ६.३ टक्क्यांनी वाढला.

यात सगळेच गमावले असे नाही. कंपनीही पीएफमध्ये ३६० रुपये जास्त भरते, म्हणजे दोघांचे मिळून ७२० रुपये दरमहा खात्यात जमा होतात. मात्र ग्रॅच्युइटीच्या नावाने सीटीसीत वाढलेले १४४ रुपये साधारणपणे पाच वर्षांची नोकरी पूर्ण झाल्यावरच पदरात पडतात. आणि कंपनी पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच, म्हणजे दरमहा १,८००, भरत असेल, तर बेसिक वाढूनही पीएफ तेवढाच राहतो.

खरा धोका स्पेशल अलाउन्समध्ये असतो. बहुतेक कंपन्यांत सीटीसी आधी ठरतो आणि इतर घटक बसवून उरलेली रक्कम या नावाखाली टाकतात. त्यामुळे बेसिक वाढले तरी स्पेशल अलाउन्स कमी झालेला असू शकतो. वरच्या उदाहरणात तो १८,००० ऐवजी १४,००० केला, तर दरमहाच्या पगारातली वाढ फक्त २०० रुपये उरते. पीएफची वाढीव कपात ३६० असल्याने हातातला पगार उलट १६० रुपयांनी घटतो.

म्हणून जुने आणि नवे परिशिष्ट शेजारी ठेवून प्रत्येक ओळीतला फरक लिहून काढावा. व्हेरिएबल पे हमखास मिळणारी रक्कम नसते, म्हणून तो बाजूला ठेवून बेरीज करावी. एखादा घटक घटलेला दिसला, तर सही करण्याआधी एचआरला एकच प्रश्न लेखी विचारावा: कपातीनंतर बँकेत दरमहा किती जमा होतील?